हिशेबात तफावत निघाली, हिशेबनिसाचं काम थांबवायचं आहे: गावच्या दूध संस्थेने काय करावं, कोणत्या क्रमाने

विदर्भातल्या गावोगावच्या लहान दूध उत्पादक सहकारी संस्थांना पूर्णवेळ हिशेबनीस परवडत नाही. तालुक्याच्या गावातला कुणीतरी आठवड्यातून दोन दिवस येतो, कीर्द-खतावणी लिहितो, चुकाऱ्याचं पत्रक काढतो, मार्चअखेर तेरीज जुळवून देतो आणि महिन्याला ठरावीक मानधन घेतो. असाच माणूस आणखी तीन-चार संस्थांचं काम बघत असतो, त्यामुळे दप्तर बरेचदा त्याच्या घरीच असतं. हिशेबात फरक निघाला की संचालक मंडळ पहिल्यांदा त्याला बोलावून जाब विचारतं, त्याच संध्याकाळी 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगतं आणि दप्तर मागायची आठवण त्यानंतर होते. क्रम उलटा झाला की पुढचं सगळंच अडतं. दप्तर परत येत नाही, आलं तर पानं बदललेली असतात, आणि नेमकी रक्कम किती हे कुणालाच सांगता येत नाही.

इथे दोन कामं आहेत आणि ती वेगळी ठेवायची आहेत. एक, हिशेबनिसाची नेमणूक संपवणं. दुसरं, फरकाची जबाबदारी ठरवून रक्कम वसूल करणं. पहिलं काम महिन्याभरात होतं, दुसऱ्याला वर्षही लागू शकतं. दोन्ही एकाच पत्रात कोंबली की दोन्ही बिघडतात.

समजायला सोपं जावं म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान संस्थेचा नमुना धरू. सभासद ६८, चुकारा दर दहा दिवसांनी रोख, सभासदांना सरकी ढेप उधारीवर देऊन चुकाऱ्यातून कपात. हिशेबनिसाला ४,००० रुपये मानधन, नेमणूक संचालक मंडळाच्या ठरावाने, दोन्ही बाजूंना एक महिन्याची पूर्वसूचना. एप्रिल ते सप्टेंबरच्या तपासणीत तीन ठिकाणी फरक दिसले आणि गावात ३९,००० चा आकडा फिरू लागला. खरी तूट किती होती ते पुढे येईलच.

आधी बाहेरचे कागद

हिशेबनिसाशी एक शब्द बोलण्याआधी जे कागद त्याच्या हातून जात नाहीत ते गोळा करा. बँकेच्या शाखेतून सहा महिन्यांचा खातेउतारा शिक्क्यासह घ्या. पासबुकावर थांबू नका, कारण ते अनेकदा त्याच्याचकडे असतं आणि महिनोन्‌महिने भरून घेतलेलं नसतं. दूध जिथे जातं त्या संघाकडून किंवा शीतकरण केंद्राकडून दर दहा दिवसांच्या बिलाच्या प्रती घ्या. ढेप देणाऱ्या व्यापाऱ्याकडून संस्थेच्या नावाचा खातेउतारा घ्या. शेवटी दहा-बारा सभासदांच्या दूध पुस्तिका मागून त्यांचे फोटो काढा. यासाठी कुणावर आरोप करावा लागत नाही. हे कागद मागणं हा अध्यक्ष आणि सचिवांचा नेहमीचा अधिकार आहे.

बँकेत गेलाच आहात तर खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे हेही विचारा. अनेक संस्थांमध्ये सोय म्हणून हिशेबनिसाचाच नंबर दिलेला असतो. मग प्रत्येक व्यवहाराचा संदेश त्यालाच जातो, अध्यक्षांना काहीच कळत नाही. तो नंबर बदलायचा अर्ज त्याच दिवशी द्या.

दप्तर ताब्यात घेणं

संस्थेचं दप्तर संस्थेच्या नोंदणीकृत कार्यालयात असलं पाहिजे. एवढंच कारण पुरेसं आहे, खोटं निमित्त सांगायची गरज नाही. सचिवांनी साधं सांगावं: 'भाऊ, सगळं दप्तर सोमवारी सकाळी कार्यालयात आणून द्या, यापुढे ते इथेच राहील. लिहायचं काम इथेच बसून करा.' सोबत अध्यक्षांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या.

दप्तर येईल तेव्हा अध्यक्ष, सचिव आणि कारभाराशी संबंध नसलेले दोन सभासद हजर असू द्या. प्रत्येक वहीची नोंद यादीत घ्या: वहीचं नाव, क्रमांक, एकूण पानं, शेवटची नोंद कोणत्या पानावर आणि कोणत्या तारखेची. शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून तिथे अध्यक्ष आणि हिशेबनीस दोघांच्या सह्या घ्या. ही रेघ या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. त्यानंतर जुन्या तारखेची नोंद घुसवता येत नाही, आणि संस्थेने मागाहून काही लिहून घेतलं असा आरोप हिशेबनिसालाही करता येत नाही. रेघ दोघांनाही वाचवते. कीर्द, खतावणी, चुकारा पत्रकं आणि ढेप साठा वहीच्या प्रत्येक पानाचे फोटो त्याच बैठकीत काढा.

हिशेब संगणकावर असेल तर त्याच्या लॅपटॉपवरून संस्थेच्या डेटाचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्या आणि लगेच कार्यालयातल्या संगणकावर उघडून पाहा. न उघडणारा बॅकअप घेऊन गेल्याचं दोन आठवड्यांनी कळणं, हा प्रकार फार वेळा होतो. सोबत त्या दिवशीची तेरीज आणि कीर्द छापून घेऊन सह्या करा.

मग हातची रोकड मोजा. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, असं नोटानिहाय लिहा आणि कीर्दीतल्या शिल्लकेशी ताडून पाहा. चेकबुकातले उरलेले चेक क्रमांकाने लिहून घ्या. कोरे सही केलेले चेक सापडले तर, आणि ते बरेचदा सापडतात, तिथेच रद्द करा. मधल्या एखाद्या क्रमांकाचा चेक सापडत नसेल तर त्या चेकचं पैसे देणं थांबवायचं पत्र त्याच दिवशी बँकेला द्या.

तो दप्तर द्यायलाच नकार देत असेल तर घरी जाऊन उचलून आणायचं नाही. पोचदेय डाकेने लेखी मागणी करा आणि तिची प्रत सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांना द्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८० खाली दप्तरात फेरफार होण्याची किंवा ते नाहीसं होण्याची शक्यता असेल तर निबंधकांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत दप्तर जप्त करवता येतं.

फरक म्हणजे अपहार नव्हे

आता नमुन्यातले तीन फरक एकेक करून बघू.

पहिला ढेपीचा. सहा महिन्यांच्या १८ चुकारा पत्रकांवर सभासदांकडून ढेपीपोटी झालेली कपात १,४६,३०० रुपये. खतावणीत ढेप येणे खात्याला जमा १,२७,९०० रुपये. फरक १८,४००.

हा फरक कसा निर्माण होतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण लहान दूध संस्थेत तूट इथेच सर्वांत सहज लपते. समजा एका सभासदाचं दहा दिवसांचं दूध बिल ३,१५० रुपये आणि ढेपीची कपात ६०० रुपये. त्याच्या हातात २,५५० पडतात आणि पत्रकावर तो सही करतो. बरोबर हिशेबात कीर्दीच्या खर्च बाजूला चुकारा ३,१५० आणि जमा बाजूला ढेप वसुली ६०० लिहिली जाते. जमा बाजूची नोंद गाळली तर कीर्द म्हणते ३,१५० रोख गेले, प्रत्यक्षात गेले २,५५०. मधले ६०० रुपये वाटप करणाऱ्याकडे राहिले. कीर्द बरोबर जुळते, रोकडही जुळते, तेरीजही जुळते. फक्त सभासदाच्या ढेप खात्यावर त्याने कधीच भरून टाकलेली उधारी उभी दिसत राहते. म्हणूनच तपासताना कीर्दीची बेरीज करत बसण्यापेक्षा सभासदाची पुस्तिका आणि त्याचं खातं शेजारी शेजारी ठेवावं.

पण १८,४०० हा आकडा इथेच पक्का करायचा नाही. नमुन्यातल्या संस्थेने खतावणीची बाकी खाती चाळली तेव्हा ६,२०० रुपयांची ढेप वसुली 'किरकोळ देणी' या खात्याला जमा झालेली सापडली. पैसे आले होते, खातं चुकलं होतं. उरले १२,२००.

दुसरा फरक टेम्पो भाड्याचा. जूनचं २,६०० चं एकच व्हाउचर जून आणि जुलै दोन्ही महिन्यांत खर्ची पडलं होतं. दुसऱ्या नोंदीला कागद नव्हता आणि टेम्पोवाल्याने एकदाच पैसे मिळाल्याचं लिहून दिलं.

तिसरा बँकेचा. ऑगस्टमध्ये कीर्दीप्रमाणे १८,००० रुपये बँकेत भरले, बँकेच्या उताऱ्यात मात्र ते १२ दिवसांनी दिसतात. पैसे आले आहेत, तूट नाही. तरी हा मामुली फरक समजू नये, कारण मधले १२ दिवस ही रोकड कुठेतरी वापरली गेली. आजचे पैसे वापरून मागाहून आलेल्या पैशातून ते भरत राहण्याची सवय लागलेली असू शकते. त्यामुळे सहाही महिन्यांच्या भरण्याच्या तारखा बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहाव्यात.

तर गावात फिरणारे ३९,००० म्हणजे १८,४००, २,६०० आणि १८,००० यांची आंधळी बेरीज होती. खरी तूट १२,२०० अधिक २,६०० म्हणजे १४,८०० रुपये. संस्थेने आधीच ३९,००० चा अपहार म्हणून पत्र दिलं असतं, तर हिशेबनिसाने ६,२०० ची चूक दाखवली असती आणि संस्थेचं उरलेलं म्हणणंही खोटं वाटू लागलं असतं. एखादा माणूस चोर ठरतो की नाही याचा हा प्रश्न आहे, म्हणून इथे घाई करणं अन्याय आहे.

निव्वळ लिहिण्यातल्या चुकांची एक खूण लक्षात ठेवा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहा. ४,५३० च्या जागी ४,३५० लिहिलं तर फरक १८० येतो.

रोकड कुणाच्या हातात होती?

हिशेब लिहिणारा आणि रोकड हाताळणारा एकच आहे असं गृहीत धरू नका. अनेक गावांत रोकड सचिवांकडे असते, हिशेबनीस त्यांनी सांगितलेलं लिहितो. तशा वेळी कपातीचे ६०० रुपये सचिवांकडे राहिले असू शकतात आणि हिशेबनिसाची चूक त्या नोंदीबद्दल न विचारण्याएवढीच असते. चुकारा पत्रकावर 'वाटप करणार' म्हणून कुणाची सही आहे ते प्रत्येक पत्रकावर बघा. नमुन्यातल्या संस्थेत १२,२०० चा फरक ज्या चुकाऱ्यांत होता, त्या सगळ्यांवर हिशेबनिसाचीच सही निघाली. तसं नसतं तर पत्र सचिवांना द्यावं लागलं असतं.

व्हाउचरवर अध्यक्षांची सही असेल तर त्यांनाही उत्तर द्यावं लागेल. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी संचालक आणि पदाधिकाऱ्यांवर निश्चित होऊ शकते. सगळं खापर मानधनावरच्या माणसावर फोडून मंडळ मोकळं होत नाही.

खुलासा मागणं

आकडे पक्के झाले की लेखी खुलासा मागा. पत्रात अपहार, चोरी, फसवणूक हे शब्द नकोत. तारीख, पान क्रमांक, रक्कम आणि प्रश्न एवढंच असावं:

'दि. … च्या चुकारा पत्रकानुसार ढेप कपात रु. … असून कीर्द पान … वर ढेप वसुली रु. … जमा दिसते. फरक रु. … बाबत आपला लेखी खुलासा हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत द्यावा. आवश्यक दप्तर कार्यालयात, सचिवांच्या उपस्थितीत पाहता येईल.'

प्रत्येक फरक वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि दप्तर पाहायची संधी खरोखर द्या. मूळ वह्या मात्र कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नका, आणि 'दुरुस्त करून देतो' म्हटलं तरी जुन्या पानांवर त्याला लिहू देऊ नका. दुरुस्ती पुढच्या तारखेला, वेगळ्या नोंदीने होईल.

काही ठिकाणी रात्री बसवून मुद्रांक कागदावर कबुली लिहून घेतली जाते. हे करू नये. दबावाखाली लिहून घेतलेल्या कबुलीवर न्यायालयात फार काळ उभं राहता येत नाही, आणि उलट संस्थेच्याच लोकांवर तक्रार होते.

ठराव

खुलासा आल्यावर, किंवा मुदत संपल्यावर, उपविधीप्रमाणे सूचना काढून संचालक मंडळाची सभा घ्या. विषयपत्रिकेत 'अर्धवेळ हिशेबनीस यांच्या नेमणुकीबाबत विचार करणे' हा विषय स्पष्ट लिहा. आयत्या वेळच्या विषयात हे घेऊ नका. हिशेबनिसाचा साळा, भाचा किंवा व्याही मंडळात असेल, आणि गावात असतोच, तर त्याने या विषयावर मत देऊ नये आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

दोन वेगळे ठराव करा. पहिला असा:

'अर्धवेळ हिशेबनीस यांची नेमणूक ठराव क्र. … मधील अटीनुसार एक महिन्याच्या पूर्वसूचनेने, अथवा त्याऐवजी एक महिन्याचे मानधन देऊन, समाप्त करण्यात यावी.'

दुसरा ठराव फरकाबाबत: किती रक्कम, कोणत्या पानांवर, खुलासा काय आला, आणि अहवाल लेखापरीक्षक व सहायक निबंधकांना पाठवायचा.

पहिल्या ठरावात आणि त्यावरच्या पत्रात फरकाचा उल्लेख का टाळायचा? नेमणुकीच्या अटीप्रमाणे करार संपवणं हा संस्थेचा साधा हक्क आहे. पण 'अपहार केल्याने काढण्यात येत आहे' असं लिहिलं की ती शिक्षा होते, आणि आरोपपत्र, चौकशी, बचावाची संधी न देता दिलेली शिक्षा टिकत नाही. त्याची नेमणूक खरं तर पगारी नोकरीसारखी असेल, ठरलेले तास, हजेरीपट, रजा आणि संस्थेचं नियंत्रण असेल, तर पत्र काढण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. नेमणुकीचा ठराव किंवा पत्रच नसेल तरी महिन्याची सूचना किंवा महिन्याचं मानधन द्या.

पत्र तीन-चार वाक्यांचं पुरे. कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेपासून, किती मानधन देय आणि कोणत्या वस्तू परत करायच्या. थकलेलं मानधन आणि सूचनेच्या महिन्याचे ४,००० बँकेतून पूर्ण द्या. त्याची लेखी संमती नसताना ते १४,८०० मध्ये वळते करू नका. राग येतो हे समजतं, पण तुटीची जबाबदारी अजून कुणी निश्चित केलेली नाही.

त्याच दिवशी करायची कामं

शिक्के, कपाटाच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं परत घ्या. कोरी पावतीपुस्तकं क्रमांकाने तपासा. एक पुस्तक जरी बाहेर राहिलं तरी त्यावर सभासदांकडून पैसे घेतले जाऊ शकतात. संस्थेचा ईमेल, प्राप्तिकराचं लॉगइन आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड बदला. बँकेला, संघाला आणि ढेपीच्या व्यापाऱ्याला एका ओळीचं पत्र द्या: अमुक तारखेपासून हे गृहस्थ संस्थेच्या वतीने व्यवहार करणार नाहीत. कारण लिहू नका. गावच्या व्हॉट्सॲप गटावरही एवढंच. फरकाचा आकडा तिथे टाकला तर बदनामीचं प्रकरण अंगावर येऊ शकतं.

रक्कम आणि पुढची कारवाई

हिशेबनीस स्वतःहून १४,८०० भरायला तयार असेल तर ते संस्थेच्या बँक खात्यातच भरून घ्या आणि पावतीवर 'दि. … च्या पत्रातील फरकापोटी, हक्क राखून' असं लिहा. 'आता संस्थेची कोणतीही तक्रार नाही' असा कागद मंडळाने लिहून देऊ नये. पैसे परत आले म्हणून जुन्या नोंदी खऱ्या होत नाहीत, आणि लेखापरीक्षकाला त्या नोंदवाव्याच लागतात.

भरले नाहीत तर वसुलीचा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. गुन्ह्याची बाजू वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कारकून किंवा नोकराने केलेला विश्वासघात कलम ३१६ (४) मध्ये आणि हिशेबात खोट्या नोंदी करणं कलम ३४४ मध्ये येतं. लेखापरीक्षकाला आर्थिक अपहार आढळला तर सहकार कायद्याच्या कलम ८१ (५ब) खाली तो निबंधकांना विशेष अहवाल देतो आणि गुन्हा नोंदवण्याची प्रक्रिया तिथून चालते. म्हणून मंडळाने आपला अहवाल पानांच्या प्रतींसह लेखापरीक्षकाला लवकर द्यावा, मार्चअखेरची वाट पाहू नये. त्यात सहा महिन्यांआधीच्या हिशेबाचीही तपासणी करावी अशी मागणी लिहा, कारण अशी पद्धत एप्रिललाच सुरू झाली असेल असं मानायला आधार नसतो.

नवा हिशेबनीस येईपर्यंत जुन्या वह्यांत पुढे लिहू नका. रेघेपर्यंतच्या शिलकेवरून नवी कीर्द सुरू करा. १२,२०० आणि २,६०० 'हिशेबातील तूट येणे' या खात्यावर दाखवा, म्हणजे ते ढेपीच्या उधारीत मिसळून सभासदांच्या डोक्यावर बसणार नाहीत. ६,२०० किरकोळ देणीतून काढून योग्य सभासदांच्या ढेप खात्याला वळवा. मग ६८ च्या ६८ सभासदांना त्यांची ढेपीची बाकी लेखी कळवून सही घ्या. पुस्तिकेप्रमाणे बाकी वेगळी म्हणणारा प्रत्येक सभासद नोंदवा आणि त्याची पत्रकं पुन्हा काढून पाहा. १४,८०० वर काही उरलं असेल तर ते इथे सापडेल. पुढच्या चुकाऱ्यापासून पत्रक लिहिणारा आणि पैसे वाटणारा ही दोन वेगळी माणसं ठेवा, आणि शक्य तितक्या लवकर चुकारा सभासदांच्या बँक खात्यात जमा करायला लागा.